चेहरा पारखायचा असेल तर कोणता फोटो : साधा, पोर्ट्रेट मोडचा की मोठ्या लेन्सचा?

कुरळ्या केसांच्या माझ्या एका मित्राने फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेला स्वतःचा फोटो दाखवून दोन गोष्टींची काळजी व्यक्त केली : डावा कान उजव्यापेक्षा लहान दिसतो आणि डाव्या कानशिलावरचे केस विरळ झाले आहेत. त्याला समोर बसवले, तेव्हा मला दोन्हींपैकी काहीच दिसले नाही. म्हणून खिडकीच्या उजेडात, तपकिरी लाकडी कपाटापुढे, दीड मीटरवरून मी त्याचे तीन फोटो काढले : त्याच फोनवर एक साधा आणि एक पोर्ट्रेट मोडमध्ये, तर तिसरा फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने. फोनच्या दोन्ही फोटोंसाठी लेन्स आणि अंतर तेच ठेवले; नाहीतर जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे होते, कान मागे सरकतात आणि दोष कशाचा तेच कळत नाही.

साध्या फोटोत दोन्ही कान सारखेच होते. पोर्ट्रेट फोटो पूर्ण आकारात मोठा करून पाहिल्यावर डाव्या कानाच्या वरच्या कमानीचा पट्टा कपाटाच्या धूसर तपकिरी रंगात विरघळलेला आढळला. कानाची खालची पाळी मात्र लख्ख होती. कानशिलावरच्या सुट्या बटा तर पुसून टाकल्यासारख्या नाहीशा झाल्या होत्या.

असे होण्याचे कारण पोर्ट्रेट मोडच्या कामाच्या पद्धतीत आहे. फोन आधी सगळे दृश्य बऱ्यापैकी स्पष्ट टिपतो. मग दोन लेन्समधील किंवा सेन्सरच्या दुहेरी पिक्सेलमधील किंचित फरकावरून कोणती गोष्ट किती दूर आहे ते सांगणारा खोलीचा नकाशा तयार करतो, त्याला माणूस ओळखणाऱ्या प्रणालीची जोड देतो आणि माणसाबाहेरचे ठरेल ते धूसर करतो. हा नकाशा फोटोच्या मानाने बराच ढोबळ असतो. काही आयफोनमध्ये मागच्या दुहेरी कॅमेऱ्याचा नकाशा ७६८ × ५७६ बिंदूंचा असतो आणि फोटो ४०३२ × ३०२४ पिक्सेलचा, म्हणजे नकाशाचा एक बिंदू फोटोतील पाच-पाच पिक्सेलच्या चौकोनाला पुरवावा लागतो. या कानापासून त्या कानापर्यंतची अठरा सेंटीमीटर रुंदी फोटोत १,२०० पिक्सेल व्यापत असेल, तर कड तीन बिंदूंनी चुकली की सुमारे अडीच मिलिमीटर कान गेला. त्वचेच्या रंगाशी मिळतीजुळती भिंत किंवा लाकूड मागे असेल, तर चूक याहूनही मोठी होते.

केसांची अडचण वेगळी आहे. वरच्याच हिशेबाने एक पिक्सेल ०.१५ मिलिमीटरचा होतो, आणि केस त्याच्या निम्म्याहूनही बारीक असू शकतो. म्हणजे डोक्याच्या कडेवरच्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडी पार्श्वभूमी असते, आणि त्याचे काय करायचे ते प्रणालीला अंदाजानेच ठरवावे लागते. पार्श्वभूमीकडे झुकले तर बटा पुसल्या जातात आणि केस विरळ वाटतात. केसांकडे झुकले तर मान आणि केस यांच्यामधल्या फटीत मागचे कपाट स्पष्ट राहते आणि केसांचा भार उगीचच वाढतो. दोन्ही चुका एकाच फोटोत, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी, अशाही सापडतात. चेहरा तिरपा किंवा असमान वाटण्याचे हे कारण अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

मोठ्या लेन्सच्या फोटोतही कान अस्पष्ट असू शकतो, पण ती अस्पष्टता खोटी नसते. ८५ मिमी लेन्सला दीड मीटरवरून f/१.८ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच उघडे असताना, जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर खोली स्पष्ट मिळते आणि कान डोळ्यांच्या बराच मागे असतो. म्हणून कान मऊ दिसतो, तरी त्याची कमान तुटत नाही आणि धूसरपणा गालापासून मागे हळूहळू वाढत जातो. कान आणि केसही स्पष्ट हवे असतील, तर छिद्र लहान करून f/८ वर ही खोली पंधरा सेंटीमीटरच्या आसपास जाते. केवळ चेहरा पारखण्यासाठी असा कॅमेरा मिळवण्याची खटपट मी करणार नाही; हाताशी असेल तर मात्र तो जरूर वापरावा.

पोर्ट्रेट फोटो टाकाऊ ठरत नाही. डोळे, नाक, ओठ आणि त्यांच्यामधली अंतरे कडेपासून आत असल्यामुळे धूसर करण्याच्या चुकीचा त्यांना धक्का लागत नाही (त्वचा गुळगुळीत करणारा पर्याय चालू नसल्याची खात्री तेवढी करावी). त्यामुळे हावभाव किंवा नजर पाहायची असेल, तर तो खुशाल घ्यावा. चेहऱ्याची रुंदी, केसांची दाटी, कानांची ठेवण किंवा चष्म्याची काडी कानावर कशी बसते हे ठरवायचे असेल, तर माझी पसंती साध्या फोटोलाच आहे.

हाती फक्त पोर्ट्रेट फोटो असेल, तर दोन्ही कानांच्या कमानी एकमेकींशी ताडून पाहाव्यात आणि दाराची चौकट किंवा कपाटाची कड केसांजवळ येताना अचानक स्पष्ट होते का, ते बघावे. तशी झाली, तर तिथली केसांची कड फोनने ठरवलेली आहे. अनेक फोनमध्ये संपादन करताना हा परिणाम बंद करून मूळ फोटो पाहता येतो, मात्र त्यासाठी मूळ फाइल हवी. संदेशातून पाठवलेल्या प्रतीत खोलीची माहिती बहुधा उरत नाही. माझ्या मित्राने परिणाम बंद केला, तेव्हा कानाची कमान आणि कानशिलावरच्या बटा दोन्ही जागच्या जागी होत्या.