परदेशातल्या मराठी व्लॉगचं टायटल: एकच मिक्स ठेवायचं की दोन भाषांत वेगवेगळं?

परदेशात राहून मराठीत फॅमिली ट्रॅव्हल व्लॉग करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. बघणारे दोन प्रकारचे असतात. एक आपल्यासारखे, यूके, जर्मनी, अमेरिकेत बसलेले, जे "weekend trip with parents" असं रोमनमध्ये टाइप करून शोधतात. दुसरे घरचे, म्हणजे सांगली-सातारा-नाशिककडचे, जे एकतर माइकवर बोलून शोधतात नाहीतर होम पेजवर जे येईल ते बघतात. व्हिडिओ एकच आहे, मग टायटल आणि डिस्क्रिप्शन कोणासाठी लिहायचं?

मी दोन्ही पद्धती वापरल्यात. पहिली म्हणजे मूळ टायटल पूर्ण देवनागरीत आणि यूट्यूब स्टुडिओमध्ये जाऊन त्याच व्हिडिओला इंग्रजी टायटल-डिस्क्रिप्शन वेगळं जोडायचं. दुसरी म्हणजे एकाच टायटलमध्ये आधी मराठी आणि पुढे जागेचं नाव रोमनमध्ये. तिसरी पण आहे, "Amhi gelo London la" छाप पूर्ण रोमन मराठी, पण ती मी सोडून देतो. व्हॉट्सअपवर ठीक वाटते, पण टायटलमध्ये माझ्या आईला अडखळत वाचावी लागते आणि सर्चमध्ये प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, त्यामुळे तिचा फायदा नक्की कोणाला होतो ते मला कळलेलं नाही. कोणाला जमत असेल तर चांगलंच आहे.

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक व्हिडिओ घेऊ. आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही त्यांना लंडनमधल्या आंबेडकर हाऊसला नेलं. 10 King Henry's Road, चॉक फार्म ट्यूब स्टेशनपासून चालत जाता येतं. बाबासाहेब 1921-22 मध्ये या घरात राहिले होते आणि 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, हे तुम्हाला माहीत असेलच. हा विषय मुद्दाम घेतोय, कारण इथे दोन्हीकडचे लोक खरंच शोधतात आणि वेगवेगळ्या लिपीत शोधतात. इथला माणूस शनिवारी जायचा बेत करताना "Ambedkar House London" टाकतो, गावाकडचा माणूस माइक दाबून "बाबासाहेब लंडन घर" म्हणतो, आणि माइकची भाषा मराठी असेल तर ते देवनागरीतच उमटतं. यूट्यूब दोन लिप्या थोड्याफार जुळवून घेतं, नाही असं नाही, पण मी त्याच्यावर विसंबून राहणार नाही.

पहिल्या पद्धतीत मूळ टायटल होईल "आई-बाबांबरोबर लंडनमधलं बाबासाहेबांचं घर बघितलं" आणि इंग्रजीत "Visiting Ambedkar House in London with Parents". दिसायला फार सुंदर, दोन्ही वाक्यं नैसर्गिक, कुठे उभ्या रेघा नाहीत, ठिगळ नाही. करायला पण अवघड नाही, फक्त व्हिडिओच्या डिटेल्समध्ये खाली "शो मोअर" उघडून टायटल आणि डिस्क्रिप्शनची भाषा मराठी केलेली पाहिजे. ती इंग्रजीच राहिली असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायचा पर्यायच येत नाही आणि माणूस शोधत बसतो, कारण यूट्यूबच्या हिशेबाने मूळ टायटलच इंग्रजी आहे ना. या पद्धतीचा खरा फायदा म्हणजे अमेरिकेत वाढलेली भाचे कंपनी, ज्यांना मराठी बोलता येतं पण देवनागरी वाचता येत नाही, त्यांना पूर्ण वाक्य कळतं. ऑफिसातल्या बिगरमराठी मित्रांनाही.

आता कटकट सांगतो, आणि माझ्यासाठी निर्णय याच्यावरच झाला.

कोणाला कुठलं टायटल दाखवायचं हे ठरताना मुख्यतः त्या माणसाच्या यूट्यूब अॅपची भाषा बघितली जाते. त्याला काय वाचता येतं हे यूट्यूबला कसं कळणार, बरोबरच आहे. पण घरी जाऊन दहा जणांचे फोन हातात घेऊन बघा, भाषा काय आहे? इंग्रजी. दुकानदाराने लावून दिलेली इंग्रजी तशीच चालू आहे. माझी मावशी इचलकरंजीला असते, रोज देवनागरीत पेपर वाचते, व्हॉट्सअपवर देवनागरीत लिहिते, पण फोनचं सेटिंग इंग्रजी. म्हणजे जो मराठी टायटल आपण खास तिच्यासाठी बसून लिहिला तोच तिला दिसत नाही, तिला दिसतं "Visiting Ambedkar House". ती म्हणे मला वाटलं कोणा दुसऱ्याचा व्हिडिओ आहे. आणि वर थंबनेल तर बदलत नाही, त्याच्यावर आपण मोठ्या अक्षरात "बाबासाहेबांचं घर" लिहिलेलं, खाली इंग्रजी टायटल. घर एकाचं आणि पाटी दुसऱ्याची.

म्हणजे ज्या सोयीने दोन प्रेक्षक वेगळे होतील असं वाटतं ती त्यांना वेगळं करतच नाही, कारण अॅपच्या भाषेत बघायला गेलं तर इथले आणि तिथले, दोघेही इंग्रजीवालेच. खात्री करायची असेल तर स्वतः बघता येतं. इन्कॉग्निटोमध्ये आपला व्हिडिओ उघडा, सेटिंगमध्ये भाषा एकदा मराठी आणि एकदा इंग्रजी करा आणि टायटल बदलतं का ते पाहा. मग घरच्या ग्रुपवर सगळ्यांना विचारा की तुमच्या यूट्यूबची भाषा कुठली आहे. मला तरी उत्तर लगेच मिळालं.

दुसरा त्रास त्यामानाने छोटा, पण रोजचा. व्हिडिओ चालला नाही की आपण टायटल बदलतो, सगळेच बदलतात. मराठी बदललं की इंग्रजी आपोआप बदलत नाही, ते जुनंच राहतं. डिस्क्रिप्शनचंही तसंच. टाइमस्टॅम्प दोन्हीकडे लिहायचे, आणि नंतर स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला अर्धा मिनिट कापला की त्यानंतरचे दोन्हीकडे मागे घ्यायचे. एकट्या माणसाने रात्री मुलं झोपल्यावर हे सगळं करायचं म्हणजे... असो.

आता मिक्स पद्धत. माझं त्या व्हिडिओचं टायटल असं आहे:

```
लंडनमधलं बाबासाहेबांचं घर | Ambedkar House London | मराठी व्लॉग
```

सुंदर नाही, मान्य. पण मावशीला पहिला भाग दिसतो, शनिवारचा बेत करणाऱ्याला मधला सापडतो, आणि देवनागरी न वाचणाऱ्या भाच्यालाही निदान कळतं की हे कशाबद्दल आहे. क्रम महत्त्वाचा. फोनवर टायटल लांब झालं की शेपूट कापली जाते, म्हणून "मराठी व्लॉग" शेवटी, ते कापलं गेलं तरी काही बिघडत नाही. चॅनेलचं नाव टायटलमध्ये नको, ते खाली दिसतंच.

इथे एक अडचण आहे. टायटलला मर्यादा 100 कॅरेक्टरची, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडका सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "लंडनमधलं बाबासाहेबांचं घर" डोळ्यांना चौदा अक्षरं दिसतात पण मोजणीत स्पेस धरून 25 होतात. वरचं पूर्ण टायटल 63 वर जातं. "स्वित्झर्लंड" हा एकच शब्द 12 खातो. त्यामुळे मिक्स टायटलमध्ये मराठी वाक्य छोटं ठेवावंच लागतं, भावना वगैरे डिस्क्रिप्शनमध्ये. ज्यांना लांब, गप्पा मारल्यासारखी टायटल आवडतात त्यांना ही पद्धत आखूड वाटेल, आणि तिथे पहिली पद्धत खरंच सरस आहे.

डिस्क्रिप्शनमध्ये मी पहिल्या दोन ओळी वाटून देतो, कारण "मोअर" दाबायच्या आधी तेवढंच दिसतं. पहिली ओळ मराठीत, बाबासाहेब इथे कधी राहिले आणि आम्ही कोणाला घेऊन गेलो. दुसरी इंग्रजीत, सरळ कामाची: "Ambedkar House, 10 King Henry's Road, London. Nearest tube: Chalk Farm. Vlog in Marathi." हे शेवटचं वाक्य मुद्दाम, म्हणजे इंग्रजी ऐकायला आलेला माणूस आधीच समजून घेतो आणि अर्ध्या मिनिटात पळत नाही. चॅप्टरही मिक्स:

```
00:00 चॉक फार्म स्टेशन | Chalk Farm
02:10 घराबाहेरची निळी पाटी | Blue plaque
04:35 आत काय आहे | Inside
```

पहिला 00:00 पाहिजे, कमीत कमी तीन पाहिजेत, प्रत्येक निदान 10 सेकंदांचा, नाहीतर चॅप्टर पडतच नाहीत. आकडे इंग्रजीच टाका.

टॅगवर लोक फार वेळ घालवतात. यूट्यूब स्वतःच सांगतं की त्यांचा फारसा उपयोग नाही, स्पेलिंग चुकणाऱ्या शब्दांपुरता आहे. मग तेवढंच करायचं. आंबेडकर, अंबेडकर, Ambedkar Museum London, संपलं. व्हिडिओची भाषा मात्र मराठीच लावा, लोकेशन भरा, आणि मुलगा थंबनेलवर आहे म्हणून "मेड फॉर किड्स"ला हो म्हणू नका. व्हिडिओ लहान मुलांसाठी नसेल तर नाहीच म्हणायचं. हो म्हटलं की कॉमेंट बंद, आणि आपल्या व्लॉगचं अर्धं सुख कॉमेंटमध्येच असतं.

कुठली पद्धत चालते हे प्रत्येकाच्या चॅनेलवर वेगळं असू शकतं, त्यामुळे माझं ऐकून सगळं बदलू नका. स्टुडिओच्या अॅनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्समध्ये "यूट्यूब सर्च" उघडलं की लोकांनी नेमके काय शब्द टाकले ते दिसतं. तिथे देवनागरी आणि रोमन दोन्ही दिसत असतील तर मिक्स. माझ्याकडे दोन्ही दिसतात. जवळपास सगळे इंग्रजीच असतील, म्हणजे समजा तुम्ही व्हिजा, पार्किंग, तिकिटं असले माहितीचे व्हिडिओ जास्त करता, तर वेगळं इंग्रजी टायटल जोडायचे कष्ट वसूल होतील, कारण तो बघणारा मराठी असलाच पाहिजे असं नाही. आई-बाबांना विमानतळावरून घेऊन येतानाच्या व्हिडिओला मात्र मी ते कधीच करणार नाही. आणि जुन्या व्हिडिओंना जोडलेली इंग्रजी टायटल काढायची असतील तर आधी जे नुसत्या मराठी टायटलचे आहेत त्यांत रोमन नाव घाला, मग काढा, नाहीतर इथल्या लोकांना ते सर्चमध्ये सापडायला अवघड जातील.