सराव: एकेक प्रकरण संपवत की मिसळून?

दहावीच्या बीजगणितातले ‘वर्गसमीकरणे’ प्रकरण सलग सोडवताना प्रत्येक उदाहरणाची रीत आधीच ठरलेली असते. ‘दोन क्रमागत सम संख्यांच्या वर्गांची बेरीज 244’ असे वाचले की मूल x आणि x + 2 धरून थेट मांडणीला लागते. हात वेगाने चालतो, उत्तरेही बरोबर येतात.

आता याच उदाहरणाशेजारी आणखी दोन ठेवा: ‘दोन संख्यांची बेरीज 22, फरक 2’ आणि ‘10 पासून पुढच्या क्रमागत 20 सम संख्यांची बेरीज’. तिन्हींची भाषा सारखी वाटते, पण दुसऱ्याला दोन चलांतील रेषीय समीकरणे लागतात, तर तिसऱ्याला अंकगणिती श्रेढी. इथे रीत मुलालाच निवडावी लागते, आणि परीक्षेत नेमके हेच करायचे असते.

मिसळलेला सराव सुरुवातीला निराश करतो. रोरर आणि टेलर यांच्या 2007 च्या प्रयोगात घनफळाची उदाहरणे सरावात सलग सोडवणाऱ्यांची 89 टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची 60. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाले 20 टक्क्यांवर आले आणि मिसळवाले 63 वर. म्हणून सरावातल्या गुणांवर विसंबू नये, असे मला ठामपणे वाटते.

तरी नव्या प्रकरणाची पहिली चार-पाच उदाहरणे सलगच सोडवावीत. रीतच माहीत नसेल तर निवडणार काय? नंतर मिसळावे, तेही एकमेकांसारखी दिसणारी प्रकरणे. चूक झाली तर पहिली ओळ पाहा. मांडणीच वेगळ्या प्रकरणाची असेल, तर मिसळलेला सराव वाढवा. मांडणी बरोबर असून अवयव चुकले असतील, तर ते प्रकरण पुन्हा सलग घ्या.