‘त्याने मला जामीन दिला’: सात महिने मराठी सबटायटल वाचल्यानंतर

अमळनेरला आमच्या घरी या स्ट्रीमिंग सेवेची वर्गणी घेतली ती मुख्यतः आईसाठी. तिला इंग्रजी येत नाही, पण मराठी ती झरझर वाचते, आणि परदेशी मालिका मूळ आवाजात ऐकत खाली मराठी ओळी वाचायची तिला गोडी लागली आहे. चित्र स्वच्छ दिसते, आवाजाची तक्रार नाही, इंटरनेट मंदावले तरी मालिका सहसा अडत नाही. तक्रार आहे ती एकाच ओळीची, आणि तिच्यासाठी मला तीन पत्रे लिहावी लागली.

एका अमेरिकन गुन्हेमालिकेच्या चौथ्या भागात धाकटा भाऊ पोलीस कोठडीतून सुटून घरी येतो. काय झाले असे आई विचारते, तेव्हा मोठ्या भावाविषयी तो एवढेच म्हणतो, “ही बेल्ड ऑन मी.” मराठी ओळ आली: ‘त्याने मला जामीन दिला.’ त्यावर ती बाई मोठ्या मुलाचा फोटो उपडा करून ठेवते आणि सहाव्या भागात त्याला दारातूनच परत पाठवते. माझ्या आईने सरळ विचारले, “हाई माय काबर चिडी ऱ्हायनी?” तिचा प्रश्न रास्त होता, कारण वाचलेल्या ओळीप्रमाणे त्या मुलाने भावाला सोडवले होते.

इंग्रजीत ‘बेल आउट’ म्हणजे जामिनावर किंवा अडचणीतून सोडवणे, तर बोलीतले ‘बेल ऑन’ म्हणजे ऐन वेळी एखाद्याला टाकून निघून जाणे. शब्द एकच, पुढचे अव्यय बदलले की अर्थ उलटतो. कोठडीचा प्रसंग असल्यामुळे अनुवादकाला जामीन सुचला असावा, असा माझा अंदाज आहे. शिवाय पुढच्याच दृश्यात खरोखर जामिनाचा उल्लेख आहे, तो भरलेला असतो आईने, आणि तिथली मराठी ओळ बरोबर आहे. म्हणजे दोन मिनिटांत दोन वेगवेगळ्या माणसांनी जामीन दिल्याचे वाचायला मिळते, आणि हा विसंगतपणा तपासणाऱ्याच्या नजरेतूनही सुटलेला दिसतो.

तक्रार करण्यापूर्वी मी टीव्हीवर मराठी आणि मोबाइलवर इंग्रजी सबटायटल लावून तोच प्रसंग पाहिला, आणि मोबाइलवरही मराठी ओळ तीच येते याची खात्री केली, म्हणजे दोष आमच्या टीव्हीचा नव्हता. हिंदी डबिंगमध्ये मात्र “वो मुझे छोड़कर भाग गया” असे अचूक वाक्य आहे. डबिंग आणि सबटायटल यांचे लेखन बहुधा वेगवेगळे होते, त्यामुळे एकात चूक असताना दुसरे बरोबर असू शकते, आणि तक्रारीत पुरावा म्हणून त्याचा उपयोग होतो.

अ‍ॅपमधल्या तक्रारीच्या पर्यायात ‘सबटायटल चुकीचे आहे’ यापुढे काही लिहिता येत नाही, म्हणून मी ईमेल पाठवला. त्यातला मुख्य भाग असा होता:

“महोदय, या मालिकेच्या पहिल्या सत्रातील चौथ्या भागात ३१ मिनिटे १४ सेकंदांवर दिसणारी मराठी ओळ मूळ संवादाच्या नेमक्या उलट अर्थाची आहे. मूळ संवाद, सध्याची मराठी ओळ आणि हिंदी डबिंगमधील वाक्य सोबत दिले आहे. या ओळीमुळे आईचे पुढील वागणे निष्कारण वाटते. कृपया हे पत्र तांत्रिक विभागाऐवजी मराठी अनुवाद पाहणाऱ्यांकडे द्यावे.”

शेवटचे वाक्य वाया गेले. उत्तर आले की अ‍ॅप काढून पुन्हा टाका, जणू ओळ उशिरा दिसत होती. दुसऱ्या पत्रात मी ओळ वेळेवरच दिसते, फक्त खोटे बोलते, असे स्पष्ट केले, आणि पाच आठवड्यांनी ती बदलली: ‘त्याने माझा विश्वासघात केला.’

अर्थ आता उलटा राहिला नाही, तरी समाधान झाले नाही. मोठा भाऊ का पळाला हे आठव्या भागापर्यंत कोणालाच ठाऊक नसते. तो घाबरला होता की त्याने मुद्दाम अडकवले, यावरच मालिकेतले कुतूहल टिकून आहे. ‘विश्वासघात’ म्हटले की निकाल आधीच लागतो. शिवाय एकोणीस वर्षांचा चिडलेला मुलगा आईसमोर असा वर्तमानपत्री शब्द वापरणार नाही. तिसऱ्या पत्रात मी ‘मला टाकून त्याने कल्टी मारली’ ही ओळ सुचवली. ओळ जेमतेम दोन सेकंद पडद्यावर राहते, तेवढ्यात ती सहज वाचून होते. ‘टांग दिली’ हेही जवळचे आहे, पण त्यात निघून जाण्याची क्रिया दिसत नाही.

२०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा सेवांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मात्र त्या नियमांचा रोख आशयाच्या आचारसंहितेवर असल्याने अनुवादाच्या चुकीसाठी मी त्यांचा आधार घेतला नाही. तिसऱ्या पत्राला पोच मिळाली आहे, ओळ अजून तीच आहे. वर्गणी आम्ही चालू ठेवली आहे, फक्त आई आता ही मालिका हिंदी डबिंगमध्ये पाहते.