ट्युरिंग टंबल: दहा वर्षांच्या मुलीसोबत सात-आठ महिने वापरल्यानंतर

लेक पाचवीत गेली तेव्हा तिला कोडिंग शिकवायचं, पण स्क्रीनसमोर न बसवता, असं आम्ही ठरवलं होतं. बाजारात या नावाखाली मिळणारं बरंचसं सामान तिच्या वयाला फार सोपं असतं. रोबोट टर्टल्ससारखा पत्ते मांडून कासव चालवायचा खेळ चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी छान आहे, पण दहा वर्षांचं मूल तासाभरात त्यातून बाहेर पडतं. शोधता शोधता ट्युरिंग टंबल सापडला. पॉल बॉसवेल आणि अलिसा बॉसवेल या अमेरिकन जोडप्याने २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून तो बाजारात आणला. १९६०च्या दशकात अमेरिकेत डिजी-कॉम्प टू नावाचं गोळ्यांवर चालणारं गणनयंत्र खेळणं म्हणून विकलं जायचं, त्याच घराण्यातला हा खेळ. पावसाळ्याच्या सुरुवातीला तो आमच्या घरात आला आणि अजून कपाटात गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

खेळ म्हणजे तिरका उभा राहणारा एक फळा. वर डावीकडे निळ्या गोळ्यांचा साठा, उजवीकडे लाल गोळ्यांचा. खाली दोन्ही बाजूंना एकेक खटका. डावा खटका दाबला की वरून एक निळी गोळी सुटते, उजवा दाबला की लाल. पहिला खटका आपण बोटाने दाबायचा. त्यानंतर खाली आलेली गोळी स्वतःच ज्या बाजूच्या खटक्यावर पडेल त्या रंगाची पुढची गोळी सोडते. खाली उतरलेल्या गोळ्या एका ओळीत साठत जातात आणि ती ओळ हेच उत्तर. मधल्या फळ्यावर प्लास्टिकचे छोटे भाग बसवून गोळीची वाट ठरवायची. बॅटरी नाही, वायर नाही, सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. सोबतच्या पुस्तकात चढत्या क्रमाने ६० कोडी आहेत. प्रत्येक कोड्यात काही भाग आधीच बसवलेले दाखवतात, शिल्लक कोणते भाग वापरायचे ते सांगतात आणि गोळ्यांची कुठली ओळ हवी ते चित्रात देतात.

पहिल्या काही कोड्यांत फक्त हिरवे रॅम्प असतात. रॅम्प गोळीला एका बाजूला ढकलतो आणि ती गेली की परत जागेवर येतो. ‘फक्त निळ्या गोळ्या खाली आण’ हे काम रॅम्पची एक रांग बांधून होतं, कारण निळी गोळी डाव्या खटक्यावर पडली की पुढची निळीच येते. त्यानंतर येतं ‘निळी, लाल, निळी, लाल’. इथे निळीला उजव्या खटक्यावर जावं लागतं आणि लालला डाव्या. म्हणजे दोघींच्या वाटा मध्ये कुठेतरी एकमेकींना छेदणारच. त्या जागी क्रॉसओव्हर नावाचा नारिंगी भाग बसवायचा, डावीकडून आलेली गोळी उजवीकडे जाते, उजवीकडून आलेली डावीकडे. इथवर लेक सहज पोहोचली. खरं सांगायचं तर इथवरचा खेळ म्हणजे गोळ्यांची घसरगुंडीच आहे. फक्त एवढ्यासाठी इतके पैसे घालावेत असं मी कुणाला सांगणार नाही.

पैसे वसूल होतात ते बिट हा भाग हाती आल्यावर. बिट म्हणजे दर गाडीनंतर आपोआप बदलणारा रेल्वेचा सांधा. एक गोळी एका बाजूला गेली की बिट उलटतो, पुढची गोळी दुसऱ्या बाजूला जाते. रॅम्पसारखा तो परत जागेवर येत नाही, शेवटच्या गोळीने जसा सोडला तसाच राहतो. म्हणजे आत्ताची गोळी कुठे जाईल हे आधी किती गोळ्या गेल्या यावर अवलंबून. ही गोष्ट तोंडाने समजावून सांगायला गेलं तर दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जाते. फळ्यावर ती डोळ्यांनी दिसते आणि बोटाने थांबवता येते.

‘दोन निळ्या, दोन लाल, परत दोन निळ्या, दोन लाल’ हे कोडं आमच्याकडे एक पूर्ण दुपार चाललं. विचार असा करावा लागतो: निळीच्या वाटेवर एक बिट हवा. पहिल्या निळीला त्याने डावीकडे पाठवायचं म्हणजे अजून एक निळी येईल, दुसरीला उजवीकडे म्हणजे लाल येईल. लालच्या वाटेवर वेगळा बिट, पहिल्या लालला उजवीकडे, दुसरीला डावीकडे. मांडणी तिने बरोबर केली, तरी ओळ आली निळी, लाल, लाल, निळी, निळी, लाल, लाल. ती बराच वेळ रॅम्प हलवत राहिली. मग ओळीकडे नीट बघून म्हणाली, “आई, पुढे सगळं बरोबर आहे, फक्त सुरुवातीला एक निळी कमी आहे.” नेमकं तेच झालं होतं. वाटा ठीक होत्या, निळीचा बिट सुरुवातीला उलट्या दिशेला वळलेला होता. बोटाने तो फिरवला आणि ओळ जुळली.

मग मी मुद्दाम लालचा बिट उलटा करून ठेवला आणि खटका दाबण्याआधी ओळ लिहून काढायला सांगितली. तिने लिहिलं: निळी, निळी, लाल, निळी, निळी, लाल, लाल. यंत्राने तेच दाखवलं. चुकीच्या उत्तराच्या आकारावरून चूक कुठे असेल हे ओळखणं ती या खेळात शिकली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ याच कामात जातो. इथे स्क्रीनवर लाल अक्षरांत ‘एरर’ येत नाही, त्यामुळे मुलाला स्वतःच एकेक गोळी हळू सोडून बघावं लागतं. त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे: आधी वहीत ओळ लिहायची, मग खटका दाबायचा. या नियमाविना मुलं भाग इकडे-तिकडे सरकवून नशिबाने कोडं सोडवतात आणि हाती काही लागत नाही. कुणी हा खेळ घेणार असेल तर वही सोबत ठेवाच.

पुढच्या कोड्यांत बिट एकाखाली एक लावून मोजणी करता येते. बिट डावीकडे वळलेला म्हणजे ०, उजवीकडे म्हणजे १. सगळ्यात वरचा बिट एकचा, त्याखालचा दोनचा, त्याखालचा चारचा. गोळी वरच्या बिटवर आली आणि तो ० असेल तर त्याला १ करून ती बाजूने निघून जाते. तो आधीच १ असेल तर त्याला ० करून खालच्या बिटवर उतरते. शाळेत बेरजेला हातचा घेतो तोच हा हातचा, फक्त दहाऐवजी दोनला. तीन बिटांवर सात गोळ्यांनंतर तिन्ही १ होतात आणि आठवी गोळी तिघांनाही ० करत तळाशी पोहोचते. तिथे इंटरसेप्टर, म्हणजे गोळी अडवून ठेवणारा काळा भाग, बसवला की आठवी गोळी खटक्यापर्यंत जातच नाही आणि यंत्र थांबतं. थांबायची अट म्हणजे काय हे तिला इथे कळलं. तोवर यंत्र आपलं आपण चालू राहतं हेच तिला नवल वाटायचं.

आठवर थांबलं, आता पाचवर थांबव, असं मी तिला सांगितलं. हे कोडं पुस्तकातलं नाही, माझं. आधी तिने एक बिट काढून बघितला, तर यंत्र चारवर थांबलं. चौथा बिट लावला, तर सोळा. दोन दिवस फळा तसाच टेबलावर होता. शेवटी तिने पहिले दोन बिट उजवीकडे वळवून ठेवले, म्हणजे मोजणी तीनपासून सुरू केली. चार, पाच, सहा, सात, आणि पाचवी गोळी सगळे बिट ० करत खाली अडकली. आठातून पाच गेले की तीन उरतात, तिथून सुरुवात करायची, हे तिने आपलं आपण काढलं. त्यानंतर ती घरातल्या कुणालाही आकडा विचारायची आणि एक ते आठमधला कुठलाही आकडा सांगितला की बिट वळवून द्यायची.

आता अडचणींबद्दल. टेबल सपाट हवं. फळा डाव्या-उजव्या बाजूला थोडासा जरी कलला तरी बिट अर्धवट उलटतो आणि गोळी भलतीकडे जाते. मूल मग आपल्या मांडणीत चूक शोधत बसतं. ओळखायची खूण सोपी: तीच मांडणी, बिट त्याच सुरुवातीला आणून, पुन्हा चालवा. दर वेळी वेगळी ओळ आली तर दोष टेबलाचा किंवा नीट न बसलेल्या भागाचा, दर वेळी एकच चुकीची ओळ आली तर दोष विचाराचा. ही परीक्षा लेकीला लवकर शिकवली आणि रडारड बरीच कमी झाली.

गिअर आले की कोडी एकदम अवघड होतात. गिअर लावलेले बिट एकमेकांना जोडले की एक उलटला की दुसराही उलटतो, म्हणजे एका वाटेवरची गोळी दुसऱ्या वाटेचा निर्णय बदलते. इथे आम्ही बरेच आठवडे थांबलो होतो. मोठ्यांनाही कागद-पेन्सिल लागते. गिअरची रांग लांब झाली तर एका गोळीच्या वजनाने ती नीट फिरत नाही, तेव्हा मोठ्या मांडणीत बोटाने हलकेच तपासून घ्यावं लागतं.

हा खेळ प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत नाही. नाव दिलेले व्हेरिएबल नाहीत, स्वतःच्या आज्ञा लिहून साठवता येत नाहीत. ज्यांना मुलाने लगेच स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत गेम बनवावा असं वाटतं त्यांच्यासाठी हा नाही. पुस्तक इंग्रजीत आहे. त्यातल्या चित्रकथेचे संवाद मराठी माध्यमातल्या मुलाला सुरुवातीला वाचून दाखवावे लागतील, पण कोडी चित्रांतूनच समजतात आणि पाच-सहा पानांनंतर लेकीला माझी गरज उरली नाही. गोळ्या लहान आहेत, घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर खेळून झाल्यावर मोजून डब्यात ठेवा. गोळ्यांचा आवाज बऱ्यापैकी होतो, टेबलावर जाड चादर अंथरली की कमी होतो, पण फळा हलणार नाही याची काळजी घ्या.

आम्ही घेतला तेव्हा किंमत अमेरिकेत ७० डॉलरच्या आसपास होती, इथे मागवताना वाहतूक आणि कस्टम वेगळं, त्यामुळे दोन-तीन घरांनी मिळून घ्यायला हरकत नाही. कोडी एकेका मुलाने सोडवायची असली तरी महिना-महिना फळा फिरवता येतो. आमचा आता शेजारच्या सहावीतल्या मुलाकडे गेला आहे आणि त्याच्या आईला मी वहीचा नियम आणि सपाट टेबल, या दोनच गोष्टी सांगितल्या आहेत.