कन्सोल जुन्या मॉनिटरला: डीव्हीआयची केबल की डिस्प्लेपोर्टचा कन्व्हर्टर?

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कार्यालयाने जुने मॉनिटर काढले, तेव्हा माझ्या भाच्याने २२ इंची एक घेतला. मागे व्हीजीए, डीव्हीआय आणि डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय नाही. त्याच्याकडे पीएस४ स्लिम, म्हणजे चित्र बाहेर येणार ते एचडीएमआयमधूनच. सांगलीच्या बाजारातून तो एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली केबल घेऊन आला. दोन्ही टोकं नीट बसली, पण पडद्यावर ‘नो सिग्नल’.

“मामा, केबल खराब निघाली.”

केबल चांगली होती. ती उलट दिशेने लावली होती.

डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय यांची सिग्नल पाठवायची पद्धतच वेगळी आहे. बऱ्याच संगणकांचा डिस्प्लेपोर्ट गरज पडली तर एचडीएमआयच्या पद्धतीचा सिग्नल देऊ शकतो, म्हणून संगणकाकडून टीव्हीकडे ही साधी केबल चालते. कन्सोलच्या एचडीएमआयला डिस्प्लेपोर्टची पद्धत येत नाही आणि मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला एचडीएमआयची कळत नाही. मध्ये सिग्नल बदलणारी चिप लागतेच.

डीव्हीआयचं तसं नाही. डीव्हीआय-डी आणि एचडीएमआय यांचा चित्राचा सिग्नल मुळात एकच, फक्त पिनांची मांडणी वेगळी. त्यामुळे एचडीएमआय ते डीव्हीआयची साधी, चिप नसलेली केबल पुरते आणि ६० हर्ट्झवर पूर्ण १०८०पी मिळतं. मॉनिटरला दोन्ही पोर्ट असतील आणि तो १०८०पीचाच असेल, तर मी डोळे झाकून डीव्हीआय घेईन. घेताना प्लगची एका बाजूची आडवी पट्टी बघा. तिच्याभोवती चार जादा पिना असतील, तर तो प्लग डीव्हीआय-डीच्या सॉकेटमध्ये बसणार नाही.

डीव्हीआयमध्ये तीन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पहिली आवाजाची, कारण मॉनिटरकडून आवाज येईल असं धरूच नये. पीएस४ला हेडफोन कंट्रोलरच्या जॅकमध्ये लावा आणि Settings > Devices > Audio Devices मध्ये Output to Headphones ला All Audio निवडा. पहिल्यांदा तिथे फक्त चॅटचा आवाज असतो, त्यामुळे गेम मुका वाटतो.

दुसरी एचडीसीपीची, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलपाची. फार जुन्या मॉनिटरला ते कळत नाही आणि पडदा काळा राहतो. मग कन्सोल आधी कुणाच्या तरी टीव्हीला लावून Settings > System मधलं Enable HDCP बंद करायचं. पीएस५वर हेच Settings > System > HDMI मध्ये आहे. गेम चालतात, पण सिनेमा-मालिका दाखवणारी ॲप मग चालत नाहीत. पीएस३वर हे कुलूप बंद करता येत नाही, त्यामुळे त्या कन्सोलसाठी असा मॉनिटर घेऊच नका.

तिसरी रंगांची. भाच्याच्या पडद्यावर काळा रंग राखेसारखा दिसत होता. RGB Range हे Limited वर होतं, ते Full केल्यावर रात्रीचे प्रसंग नीट दिसू लागले.

आता ज्यांच्याकडे फक्त डिस्प्लेपोर्ट आहे, किंवा मॉनिटर १४४०पीचा आहे, त्यांनी खर्च जास्त असला तरी चिप असलेला कन्व्हर्टरच घ्यावा. पाकिटावर एचडीएमआय आधी आणि डिस्प्लेपोर्ट नंतर, बाण मॉनिटरकडे, असं असलं पाहिजे. सोबत बहुधा यूएसबीची छोटी वायर असते. ती लोंबकळत ठेवू नका, कारण एचडीएमआयमधून मिळणारी वीज फारच थोडी असते आणि चिपला ती सहसा पुरत नाही. चित्र मधूनच जाऊन परत येत असेल, तर ती वायर कन्सोलऐवजी मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरला लावून बघा. डिस्प्लेपोर्टमधून आवाजही जाऊ शकतो, त्यामुळे मॉनिटरला हेडफोनचा जॅक असेल तर तो तिथे मिळू शकतो.

पण १४४०पीसाठी पैसे घालण्याआधी कन्सोल ते देतो का, हे पाहा. पीएस५ला ते सप्टेंबर २०२२च्या अपडेटपासून आलं आणि एक्सबॉक्स सीरिजला आहेच. पीएस४, पीएस४ प्रो आणि पहिला स्विच ते देत नाहीत. त्यांचं १०८०पी मोठ्या पडद्यावर ताणलं जाऊन थोडं मऊ दिसणार. पीएस५वाल्यांनी ४के ६० हर्ट्झ लिहिलेला कन्व्हर्टर घ्यावा. १२० हर्ट्झ किंवा व्हीआरआर त्यातून मिळेल अशा हिशेबाने मात्र घेऊ नये.

आणखी एक सापळा जुन्या २७ इंची १४४०पी मॉनिटरचा, ज्यांना फक्त ड्युअल-लिंक डीव्हीआय असतं. साध्या केबलमधून तिथे पूर्ण १४४०पी पोचत नाही. काहींवर कमी रिझोल्यूशनचं चित्र येतं, काही काळेच राहतात. दुकानात स्वतःचा कन्सोल लावून बघितल्याशिवाय असा मॉनिटर मी घेणार नाही.

भाच्याची ती पहिली केबल वाया गेली नाही. त्याच्या ताईच्या संगणकाला डिस्प्लेपोर्ट आहे, तिथून ती हॉलमधल्या टीव्हीला लावली आणि पहिल्या झटक्यात चित्र आलं.