ब्लर, आभासी चित्र की घरातली भिंत: व्हिडिओ कॉलला मागे काय ठेवावं?

घरून काम करताना मागचा पसारा झाकायचा तर बहुतेकांचं बोट आधी ब्लरकडे जातं. खर्च नाही, आवराआवर नाही. पण ब्लर म्हणजे सॉफ्टवेअरने तुमच्या आकृतीच्या कडेचा लावलेला अंदाज असतो. सुटे केस, खुर्चीची पाठ, हातातला चहाचा कप अशा ठिकाणी तो चुकतो आणि कप अर्धा गायब होतो. मागून घरातलं कोणी गेलं, तर सॉफ्टवेअर त्यांनाही माणूस म्हणून ओळखतं आणि ते क्षणभर स्वच्छ दिसतात. लॅपटॉप जुना असेल तर प्रोसेसरवर भार येऊन त्याचा पंखा घोंघावू लागतो, कधी आवाजही तुटतो.

आभासी चित्रात हेच दोष जास्त उघडे पडतात, कारण चित्रातला उजेड एकीकडून आणि तुमच्या चेहऱ्यावरचा दुसरीकडून येत असतो. मागे हिरवं कापड ताणून लावलं आणि त्यावर सारखा उजेड पडला, तर कड नीट कापली जाते. तेवढी सोय नसेल तर मी हा पर्याय सोडूनच देईन.

माझं मत खऱ्या भिंतीच्या बाजूने आहे, आणि त्यासाठी मोठं घर लागत नाही. दहा बाय दहाची बेडरूम घ्या: एक खिडकी, आरशाचं कपाट, भिंतीला टेकवलेला पलंग. खिडकीकडे पाठ केली तर कॅमेरा बाहेरच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो. कपाटाकडे पाठ केली तर आरशात तुमचा लॅपटॉपचा स्क्रीन दिसतो, आणि तिथे ऑफिसची कागदपत्रं उघडी असू शकतात. म्हणून टेबल असं फिरवा की खिडकी बाजूला येईल आणि मोकळी भिंत मागे. भिंतीपासून तीन-चार फूट पुढे बसलात की सावली भिंतीवर ठळक पडत नाही.

मागे पलंगच येत असेल तर लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. पलंगाचा बराचसा भाग चौकटीखाली जातो, उरतात त्या उशा, आणि तेवढ्या नीट लावणं अवघड नाही. लॅपटॉप खाली ठेवून स्क्रीन मागे कलवला की छताचा पंखा आणि ट्यूबलाइट डोक्यावर येतात, म्हणूनही ही उंची महत्त्वाची. टाइप करायला मात्र वेगळा कीबोर्ड लागेल.

भिंतीवर एखादी फ्रेम किंवा कोपऱ्यात मनीप्लांट पुरे. बारीक चौकड्यांचा पडदा नको, कॅमेऱ्यात त्याच्या रेघा हलल्यासारख्या दिसतात.

खोलीत सतत ये-जा असेल, भाड्याच्या घरात टेबल हलवायला जागाच नसेल, तर ब्लरच घ्या. फक्त महत्त्वाच्या कॉलआधी प्रिव्ह्यूमध्ये मान दोन्हीकडे वळवून आणि हात वर करून बघा. कान किंवा बोटं नाहीशी होत असतील, तर समोर एक दिवा लावा. चेहऱ्यावर उजेड वाढला की कड पकडणं सॉफ्टवेअरला सोपं जातं.