प्रियस घेताना "बॅटरी नवीन टाकलीये" ऐकून फसलो, तुम्ही हे एकदा वाचा

डॅलसला येऊन दोन वर्षं झाली, बायकोला जॉब लागला म्हणून दुसरी गाडी बघत होतो. बजेट आठ हजार डॉलरच्या आत. ऑफिसमधले सगळे म्हणाले टोयोटाची प्रियस घे, हायब्रीड आहे, पेट्रोल पीतच नाही. मिळाली पण, एका छोट्या युज्ड कार लॉटवर, 2012 ची, 1,38,240 माईल चाललेली, 7,800 ला. विकणारा एकदम गोड माणूस, म्हणाला हायब्रीड बॅटरीची काळजीच करू नका, मागच्या वर्षी बदललीये, आणि फाइलमधून एक पावती काढून दाखवली. पावतीवर 'हायब्रीड बॅटरी सर्व्हिस' लिहिलं होतं आणि रक्कम होती 480 डॉलर. तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं की 480 मध्ये आख्खी बॅटरी कुठे मिळते, पण गाडी इतकी चकाचक होती की नाही आलं. काचेवर 'अ‍ॅज इज' चा कागद होता, म्हणजे लॉट सोडला की जे काय होईल ते आपलं, त्यावर सही केली आणि पेढे वाटले.

नवव्या दिवशी, जूनचं ऊन, बाहेर 102 फॅरनहाइट, हायवेवर एसी फुल. आधी मागच्या सीटजवळून व्हॅक्यूम क्लीनरसारखा आवाज यायला लागला, मला वाटलं काच उघडी राहिलीये. मग डॅशबोर्डवर लाल त्रिकोण आणि Check Hybrid System. गाडी बंद नाही पडली, पण पिकअप गेला, कशीबशी घरी आणली.

दुसऱ्या दिवशी गाडीचे एरर कोड वाचणारा 25 डॉलरचा ओबीडी डाँगल आणला आणि फोनवर Dr. Prius अ‍ॅप टाकलं. कोड आला P0A80, म्हणजे मेन बॅटरी पॅक खराब. पण खरा धक्का दुसऱ्याच आकड्याने दिला. गाडीचा कंप्युटर एक हिशोब ठेवतो की शेवटचे एरर कोड पुसल्यापासून गाडी किती चालली, डाँगल लावला की तो दिसतो (ओबीडी अ‍ॅपमध्ये Distance since codes cleared नावाने शोधा). माझ्या गाडीत तो होता 208 माईल. मी घेतल्यापासून चालली होती 196. म्हणजे माझ्या हातात यायच्या फक्त 12 माईल आधी कुणीतरी कोड पुसला होता, आणि त्या 12 मधले 4 तर माझ्याच टेस्ट ड्राइव्हचे! आता सरळ बोलायचं तर पुसणाऱ्याला मी बघितलेलं नाही, आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी काढून लावली तरी बऱ्याच गाड्यांत हा आकडा शून्यावर येतो, पण पावती आणि हे दोन्ही एकत्र ठेवलं की काय समजायचं ते समजतं. हा आकडा एवढा कमी दिसला तर विकणाऱ्याला विचारा की का, आणि शंभर-दीडशे माईल चालल्याशिवाय पैसे देऊ नका. कोड पुसला की डॅशबोर्डवरचा लाईट जातो आणि लगेच परत येत नाही, बॅटरीवर लोड पडावा लागतो, आणि कॉलनीतल्या चक्करने तो पडत नाही.

आता बॅटरीला नेमकं काय होतं ते सांगतो कारण मलाही तेव्हाच कळलं. या प्रियसच्या पॅकमध्ये 28 मोड्यूल असतात, प्रत्येकात सहा सेल, एकेक सेल 1.2 व्होल्टचा. कंप्युटर दोन-दोन मोड्यूलची जोडी धरून 14 ब्लॉक मोजतो. चांगल्या पॅकमध्ये सगळे ब्लॉक एकमेकांच्या दोन-तीन दशांश व्होल्टमध्ये राहतात. मेकॅनिकने मला गाडी चढावर दाबायला लावली आणि स्क्रीन बघितली, तेरा ब्लॉक साडेचौदाच्या आसपास आणि सहावा धाडकन 13.2 वर. हा फरक जवळजवळ एका सेलएवढा, म्हणजे त्यातला एक सेल मेलाय. एक सेल गेला की बाकीच्यांची तब्येत पण वयाने उतरलेलीच असते, सगळे एकाच वयाचे आणि एकाच उन्हात भाजलेले. उष्णता हा या बॅटरीचा मोठा शत्रू. माझ्या गाडीत तर मागच्या सीटच्या उजव्या बाजूला जी हवेची जाळी असते ना, त्यातून बॅटरी गार होते, ती काढली तर पंखा कुत्र्याच्या केसांनी गच्च भरलेला, अक्षरशः नमदा झाला होता. आधीच्या मालकाचा कुत्रा असणार. तो आवाज त्याचाच, पंखा जीव तोडून फिरत होता.

पॅक उघडल्यावर पावतीचं गुपित कळलं. 28 पैकी दोन मोड्यूलवरचे नंबर वेगळेच, कुठल्यातरी भंगार गाडीतून काढलेले. बाकी 26 जुनेच, त्यांच्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज. याला इकडे "बॅटरी बदलली" म्हणतात. दोन बदलायचे, सहा महिन्यांनी तिसरा जातो, मग चौथा.

खर्चाचं म्हणाल तर मी तीन ठिकाणी कोटेशन घेतलं. डीलरकडे नवी ओरिजिनल बसवून 3,900 (जुना पॅक परत द्यायच्या बोलीवर, नाहीतर वर हजाराच्या पुढे कोअर डिपॉझिट जातं). बाहेरच्या कंपनीची नव्या सेलची बॅटरी, घरी येऊन बसवून, 2,250, तीन वर्षं वॉरंटी. रिफर्बिश्ड 1,300, एक वर्ष वॉरंटी, पण ती म्हणजे परत तोच खेळ, निवडक जुने मोड्यूल जुळवलेले. गाडी अजून वर्षभरच ठेवायची असेल तर ती घ्या. मी मधली घेतली. तीन तासांत बसली. यूट्यूब बघून स्वतः करायचा मोह मला पण झाला होता, पण 200 व्होल्ट डीसी आहे, सर्व्हिस प्लग काढल्यावरही दहा मिनिटं थांबावं लागतं, तिथे आपला जुगाड नको.

लॉटवाल्याला फोन केला तर म्हणाला बॅटरी सर्व्हिस केली असं लिहिलंय, बदलली असं कुठे लिहिलंय? कागदावर बरोबर होता तो. तोंडी बोललेलं गेलं वाऱ्यावर.

म्हणजे गाडी पडली 10,050 ला. इकडे टेक्ससमध्ये 2012 च्या गाडीची हायब्रीड वॉरंटी आठ वर्षं किंवा 1 लाख माईल होती, ती कधीच संपलेली. 2020 मॉडेलपासून बॅटरीवर कंपनीची दहा वर्षं किंवा दीड लाख माईल वॉरंटी आहे, अजून पैसे घालून तसली बघितली असती तर निदान झोप लागली असती.

परवा पुण्याहून मामेभावाचा फोन, त्याला जुनी कॅमरी हायब्रीड मिळतीये, स्वस्तात. त्याला म्हणलं विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नको, चॅसी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि नवीन बॅटरीचं लेखी कोटेशन काढ, ते गाडीच्या किमतीत मिळवून बघ, आणि मागच्या सीटची जाळी उघडून नीट बघ आधी. "अरे दादा, तो म्हणतोय बॅटरी नवीन टाकलीये." म्हणलं पावती किती रुपयांची आहे ते बघ आणि मग मला फोन कर.